आरए फॅक्टर निगेटिव्ह, सकाळी हात आखडलेले: एका प्रकरणाचा अभ्यास

रुग्ण चव्वेचाळीस वर्षांच्या शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चार महिन्यांपासून सकाळी दोन्ही हात आखडतात, मूठ वळत नाही, बटण लावता येत नाही, दुपारपर्यंत त्रास कमी होतो, ही त्यांची तक्रार. हातात सात आठवड्यांपूर्वीचा एक रिपोर्ट होता. त्यात तीन तपासण्या होत्या: आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, एएसओ नॉर्मल. तो रिपोर्ट पाहून त्यांना सांगण्यात आलं होतं की वाताचं काही नाही, थकव्यामुळे होत असेल. वेदनाशामक गोळ्या घेतल्या की दिवस निघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा तसेच.

मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण निदान एका तपासणीवर अडलं होतं आणि दुसऱ्या तपासणीने ते सुटलं. पण ती दुसरी तपासणी इतकी उपयोगी ठरली, कारण ती करण्याआधीच सांधे बरंच काही सांगून गेले होते.

आखडलेपण मोजायचं कसं

सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, असं थेट विचारलं की बहुतेक जण अंदाजाने उत्तर देतात. "बराच वेळ" किंवा "थोडा वेळ." त्याऐवजी मी दोन प्रश्न विचारते. जाग किती वाजता येते? आणि हात त्या दिवशी जितके मोकळे व्हायचे तितके किती वाजता होतात? बाईंना जाग साडेपाचला यायची आणि हात साडेसातच्या सुमारास मोकळे व्हायचे. म्हणजे जवळपास दोन तास.

हा आकडा महत्त्वाचा आहे. झिजेच्या आजारात, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिसमध्येही सकाळी सांधे धरतात, पण ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतात. दिवसभर वापर झाला की संध्याकाळी दुखणं वाढतं. दाहाच्या सांधेदुखीत क्रम उलटा असतो. विश्रांतीने त्रास वाढतो आणि हालचालीने कमी होतो. यामागे दोन गोष्टी आहेत. सांध्याच्या आतल्या सुजलेल्या अस्तरात आणि आजूबाजूच्या भागात रात्रभर हालचाल नसल्याने पाणी साठतं. शिवाय दाह वाढवणारं इंटरल्युकिन-६ हे रसायन पहाटेच्या वेळी रक्तात सर्वांत जास्त असतं. उठून हात हलवायला लागलं की ते साठलेलं पाणी सरकतं आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही तोवर कामाला लागलेलं असतं.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रुमेटॉइड आर्थरायटिस या दाहाच्या सांधेदुखीच्या १९८७च्या निकषांत सकाळी तासभर किंवा अधिक आखडलेपण हा एक स्वतंत्र मुद्दा होता. २०१०मध्ये अमेरिकन आणि युरोपियन संघटनांनी मिळून नवे निकष केले, तेव्हा तो वगळला गेला, कारण दाहाच्या इतर सांधेदुखींतही हेच लक्षण दिसतं. त्यामुळे आखडलेपण मला संशय घ्यायला लावतं, आजाराचं नाव सांगत नाही.

नाव शोधण्यासाठी पुढचे प्रश्न विचारले. गेल्या काही महिन्यांत मोठा ताप आणि अंगावर पुरळ येऊन गेलं होतं का? चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरतात आणि चित्र हुबेहूब असंच दिसू शकतं. नाही. त्वचेवर किंवा डोक्यात खवले, नखांत खड्डे? नाही. डोळे, तोंड कोरडं पडतं? नाही. कंबर रात्री दुखून जाग येते? नाही. जुलाब, लघवीची जळजळ, डोळे लाल होणं? नाही. खोकला, वजन घटणं? वजन दोनेक किलो कमी झालेलं, खोकला नाही. धूम्रपान? स्वतः कधीच नाही, पण घरात वर्षानुवर्षं धूर होता. रात्री उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं, हे त्यांनी अगदी शेवटी, निघता निघता सांगितलं. मनगटाच्या अस्तराला सूज आली की तिथून जाणारी नस दाबली जाते. त्यामुळे ही माहितीही सांध्यांकडेच बोट दाखवत होती.

बोटांनी केलेली तपासणी

आता हात. बोटांच्या मुळाचे सांधे, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारे उंचवटे, दोन्ही हातांच्या तर्जनी आणि मधल्या बोटाला सुजलेले होते. दोन उंचवट्यांमधली नेहमीची खळगी भरून आली होती. दाबल्यावर हाड लागत नव्हतं, मऊ, थोडं फुगीर लागत होतं. डाव्या मधल्या बोटाचा मधला सांधाही तसाच. दोन्ही मनगटांच्या पाठीवर सूज. बोटांच्या टोकाचे सांधे मात्र स्वच्छ होते. हे नोंदवणं आवश्यक आहे, कारण झिजेचा आजार हातात आला की तो आधी टोकाच्या सांध्यांवर आणि अंगठ्याच्या बुडाशी दिसतो आणि तिथला फुगवटा कडक, हाडासारखा लागतो.

पायाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तरी चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच आवळला तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला. विचारल्यावर म्हणाल्या, सकाळी पहिली काही पावलं गोट्यांवर चालल्यासारखी वाटतात, पण ते चपलेमुळे असेल असं मला वाटलं.

मोजले तर सुजलेले लहान सांधे सात भरले: मुळाचे चार, मधला एक आणि दोन मनगटं. मनगट दिसायला मोठं असलं तरी २०१०च्या निकषांत ते लहान सांध्यांत धरतात.

इथपर्यंत एकही नवी तपासणी झाली नव्हती. तरी एवढ्यावर मी मनाशी अंदाज बांधला की अशा चित्राच्या शंभर रुग्णांपैकी साठेक जणांना रुमेटॉइड आर्थरायटिस असेल. हा आकडा माझा, अनुभवावरचा. दुसरी डॉक्टर पन्नास म्हणेल, तिसरी सत्तर. पण रिपोर्ट वाचण्याआधी असा काहीतरी आकडा मनात असावाच लागतो. तो नसेल तर रिपोर्टमधला आकडा वाचायला आधारच उरत नाही.

मग निगेटिव्ह आरए फॅक्टरचं काय करायचं

लॅबच्या भाषेतला आरए फॅक्टर म्हणजे रुमेटॉइड फॅक्टर. आपल्या रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांच्याच शेपटीला जाऊन चिकटणारं हे आणखी एक प्रतिपिंड. प्रतिपिंडाविरुद्धचं प्रतिपिंड म्हटलं तरी चालेल. नॉर्वेतल्या वालर यांनी १९४०मध्ये आणि अमेरिकेत रोझ यांनी १९४८मध्ये मेंढीच्या लाल पेशी वापरून हा गुण दाखवला, म्हणून त्या जुन्या तपासणीला वालर-रोझ म्हणत. नंतर लाल पेशींच्या जागी लॅटेक्सचे बारीक कण आले. आजही काही ठिकाणी काचपट्टीवर रक्तद्रव आणि हे कण मिसळून गुठळ्या होतात का, ते डोळ्यांनी पाहतात आणि "पॉझिटिव्ह" किंवा "निगेटिव्ह" एवढंच लिहितात. बाईंचा रिपोर्ट तसाच होता, आकडा नसलेला.

ही तपासणी किती विश्वासाची आहे? अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे साधारण असे आहेत: आजार असलेल्या शंभरांपैकी ६९ जणांत आरए फॅक्टर सापडतो आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी ८५ जणांत तो सापडत नाही. आता हे बाईंच्या बाबतीत लावून पाहू. माझ्या अंदाजाचे शंभर रुग्ण घ्या, साठ आजाराचे, चाळीस आजार नसलेले. साठांपैकी सुमारे १९ जणांचा आरए फॅक्टर आजार असूनही निगेटिव्ह येणार. चाळीसांपैकी ३४ जणांचा निगेटिव्ह येणार. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेतलेले एकूण ५३ जण, आणि त्यांतल्या १९ जणांना आजार आहेच. साठ टक्क्यांची शक्यता निगेटिव्ह रिपोर्टने छत्तीसपर्यंत खाली आली. छत्तीस म्हणजे तीन जणांत एकाहून अधिक. "वाताचं काही नाही" असं म्हणण्याइतकी ती खाली आलेली नाही.

त्या रिपोर्टमधल्या इतर दोन आकड्यांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण हे त्रिकूट सांधेदुखीच्या पॅनलमध्ये सर्रास असतं. पाळी चालू असलेल्या स्त्रीत युरिक अ‍ॅसिडचा गाऊट अगदी विरळा, आणि तो सातही सांध्यांत चार महिने असा राहत नाही. एएसओ घशातल्या जंतूंचा जुना संसर्ग दाखवतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी हळूहळू आलेल्या सांधेसुजेत त्याने निर्णय बदलत नाही. दोन्ही नॉर्मल आल्याने कुठलाच दिलासा मिळायला नको होता.

निकषांच्या तराजूत पाच गुण

२०१०च्या निकषांत दहापैकी सहा गुण झाले की रुमेटॉइड आर्थरायटिस धरतात. त्याआधी दोन अटी आहेत: किमान एका सांध्याला खरी सूज हवी आणि त्या सुजेला दुसरं अधिक पटणारं कारण नको.

बाईंचे गुण असे झाले. चार ते दहा लहान सांधे, म्हणून तीन. सहा आठवड्यांहून अधिक काळ, म्हणून एक. मी पाठवलेल्या रक्तात दाह दाखवणारा सीआरपी १९ मिलिग्रॅम प्रति लिटर आला, लॅबची मर्यादा ५. दाहाचीच दुसरी खूण असलेला ईएसआर ४६, तोही वाढलेला. दाह आहे, म्हणून आणखी एक. एकूण पाच. प्रतिपिंडांच्या खात्यात शून्य, कारण तोवर हातात होता तो एकच निगेटिव्ह आरए फॅक्टर.

पाच आणि सहा यांच्यामध्ये अडकलेल्या अशा रुग्णात अँटी-सीसीपी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासणीचं वजन खऱ्या अर्थाने जाणवतं. मी ती पाठवली आणि आरए फॅक्टरही आकडा देणाऱ्या पद्धतीने पुन्हा पाठवला, म्हणजे काचपट्टीवर डोळ्यांनी वाचताना काही निसटलं का, ते कळावं.

सीसीपी म्हणजे नेमकं काय

प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतला एक आर्जिनिन. दाह चालू असलेल्या ठिकाणी पॅड नावाचं एन्झाइम त्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. बदल चिमुकला आहे, पण आर्जिनिनवर धन विद्युतभार असतो आणि सिट्रुलिनवर नसतो, त्यामुळे प्रथिनाची घडी थोडी उकलते. असा बदल कोणाच्याही शरीरात होतो. फुप्फुसात धुरामुळे होतो, हिरड्यांच्या जुनाट आजारात होतो. काही माणसांत मात्र प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनांना परकं ठरवते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. ज्यांच्या वारशात एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे विशिष्ट प्रकार असतात त्यांच्यात हे होण्याची शक्यता जास्त.

ही प्रतिपिंडं सिट्रुलिनला ओळखतात, हे १९९८मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या गटाने दाखवलं. मग प्रयोगशाळेत सिट्रुलिन असलेले छोटे पेप्टाइड तयार केले आणि त्यांची टोकं जोडून त्यांना कड्याचा आकार दिला. कड्यामुळे सिट्रुलिन बाहेरच्या बाजूला राहतं आणि प्रतिपिंड घट्ट चिकटतं. सायक्लिक सिट्रुलिनेटेड पेप्टाइड, सीसीपी, ते हेच. रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी त्याला किती पकडलं, तो आकडा म्हणजे अँटी-सीसीपी.

आजार असलेल्या शंभरांपैकी साधारण ६७ जणांत ती पॉझिटिव्ह येते. म्हणजे आजार शोधून काढण्यात ती आरए फॅक्टरहून सरस नाही. फरक दुसऱ्या बाजूला आहे: आजार नसलेल्या शंभरांत ती सुमारे ९५ जणांत निगेटिव्ह येते. आरए फॅक्टर हिपॅटायटिस सीमध्ये, हृदयाच्या झडपांच्या संसर्गात, क्षयरोगात, शोग्रेन आजारात आणि वाढत्या वयात नुसताच पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी तशी सहसा फसत नाही. एक अपवाद मात्र मी नेहमी ध्यानात ठेवते: सक्रिय क्षयरोग. त्यात ही तपासणीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून वजन घटलेल्या बाईंच्या छातीचा एक्स-रे मी रिपोर्टची वाट न पाहता काढून घेतला. तो स्वच्छ होता.

रिपोर्ट आला

आरए फॅक्टर ११ आययू प्रति मिलिलिटर, लॅबची मर्यादा १४. म्हणजे तो खरंच निगेटिव्ह होता. पहिल्या लॅबची चूक नव्हती.

अँटी-सीसीपी २१२ युनिट प्रति मिलिलिटर, मर्यादा २०.

हा आकडा वाचताना मर्यादा शेजारी ठेवावीच लागते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटची युनिटं एकमेकांशी जुळत नाहीत. एका लॅबचे ४० आणि दुसऱ्या लॅबचे ४० एकच अर्थ सांगत नाहीत. म्हणून निकषांतही आकडा नाही, मर्यादेच्या पटी वापरल्या आहेत. मर्यादेच्या वर पण तिपटीपर्यंत असेल तर सौम्य पॉझिटिव्ह, दोन गुण. तिपटीहून जास्त असेल तर तीव्र पॉझिटिव्ह, तीन गुण. या लॅबसाठी तिपटीची रेषा ६० वर. बाई तिच्या कितीतरी पुढे होत्या. पाच अधिक तीन, आठ.

शक्यतेच्या भाषेत पाहायचं तर निगेटिव्ह आरए फॅक्टरच्या त्या ५३ जणांकडे परत जावं लागेल, १९ आजाराचे आणि ३४ इतर. इथे ६७ टक्के सरळ लावता येत नाहीत, कारण दोन्ही प्रतिपिंडं बरेचदा एकत्र असतात. ज्यांच्यात एक नाही त्यांच्यात दुसरं सापडण्याचं प्रमाणही कमी असतं. समजा तिघांत एक. म्हणजे १९ पैकी सहा पॉझिटिव्ह. इतर ३४ पैकी पाच टक्के, म्हणजे जेमतेम दोन. आठ पॉझिटिव्ह रिपोर्टांत सहा खरे. छत्तीसवरून पंचाहत्तर. खोटे पॉझिटिव्ह बहुतेक मर्यादेच्या जवळपास घुटमळतात, मर्यादेच्या दहापट क्वचितच जातात, हे लक्षात घेतलं की शक्यता आणखी बरीच वर जाते.

आता हीच तपासणी कुठलीही सूज नसलेल्या, नुसतं अंग दुखतं म्हणणाऱ्या हजार जणांची केली तर काय होईल? समजा त्यांतल्या दहांना आजार आहे. अँटी-सीसीपी त्यांतले सात पकडेल आणि उरलेल्या ९९० पैकी पन्नासेक जणांनाही पॉझिटिव्ह ठरवेल. सत्तावन्न रिपोर्टांत सात खरे. आरए फॅक्टर केला तर सात खरे आणि दीडशेच्या आसपास खोटे. तीच नळी, तेच रसायन, तोच "पॉझिटिव्ह" शब्द. फरक आहे तो तपासणी पाठवण्याआधी कोणी सांधे दाबून पाहिले होते की नाही, यात. सूज नसताना, केवळ अंगदुखीसाठी, या दोन्ही तपासण्या पाठवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आणि समजा अँटी-सीसीपीही निगेटिव्ह आली असती तर? तरी मी बाईंना "काही नाही" म्हणून घरी पाठवलं नसतं. दोन्ही प्रतिपिंडं नसलेला रुमेटॉइड आर्थरायटिस दुर्मीळ नाही. गुण पाचावर राहिले असते. मग मी पार्व्होव्हायरस आणि हिपॅटायटिसची तपासणी केली असती, सांध्यांची सोनोग्राफी करून अस्तरात खरंच रक्तपुरवठा वाढलाय का ते पाहिलं असतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा सांधे मोजले असते. सात सांध्यांची चार महिन्यांची सूज प्रतिपिंडांची परवानगी मागत नाही.

एक्स-रेमधली एक बारीक खाच

हातांच्या एक्स-रेमध्ये हाडं शाबूत होती. पायांच्या एक्स-रेमध्ये मात्र उजव्या करंगळीच्या मागच्या हाडाच्या डोक्यावर, बाहेरच्या कडेला, एक बारीक खाच होती. दाहाने हाड कुरतडायला तिथून सुरुवात होणं हे या आजारात ओळखीचं आहे, आणि त्या जागी दुखतंच असं नाही. हातांची तक्रार आहे म्हणून फक्त हातांचे एक्स-रे काढले की ही खाच सुटते. अँटी-सीसीपी तीव्र पॉझिटिव्ह असलेल्यांत हाडं कुरतडली जाण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे पायांचे एक्स-रे मी अशा वेळी सोडत नाही.

या खाचेमुळे उपचाराचा निर्णय सोपा झाला. थांबून पाहण्याला आता अर्थ नव्हता.

औषध सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, रक्तपेशींची मोजणी, हिपॅटायटिस बी आणि सी, सगळं पाहिलं. हिमोग्लोबिन १०.८ होतं, बाकी ठीक. पाळी चालू होती, म्हणून गर्भधारणेबद्दल स्पष्ट बोलले, कारण या आजारावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध गर्भाला घातक आहे. मग मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम. आठवड्यातून एकदा, हे मी चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून देते आणि रुग्णाकडून परत वदवून घेते. हेच औषध चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात, आणि त्यात मृत्यूही झालेले आहेत. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तोवर आधार म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड थोड्या प्रमाणात दिलं आणि ते हळूहळू कमी करत तीन महिन्यांत थांबवायचं ठरवलं.

"डॉक्टर, सीसीपी वाढलंय"

तीन महिन्यांनी बाई आल्या तेव्हा सुजलेला सांधा एकच उरला होता, उजवं मनगट. आखडलेपण पंधरा-वीस मिनिटांवर आलं होतं. रात्रीच्या मुंग्या गेल्या होत्या. सीआरपी ४. तरी चेहरा उतरलेला.

"डॉक्टर, सीसीपी वाढलंय," म्हणत त्यांनी कागद पुढे केला. स्वतःहून करून घेतलेल्या रिपोर्टमध्ये आकडा होता २४०.

मी विचारलं, "बटण लावता येतं?"

"येतं की. फळ्यावरही पूर्ण तास लिहिते आता. पण आकडा दोनशे बाराचा दोनशे चाळीस झाला ना!"

मी त्यांना समजावलं की हा आकडा आजाराच्या रोजच्या जोरासोबत वरखाली होत नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात. सांधे शांत झाले तरी त्या आपलं काम करत राहतात. शिवाय त्याच रक्ताची तीच तपासणी दोनदा केली तरी एवढा फरक पडू शकतो. आरए फॅक्टर असलेल्या रुग्णांत उपचाराने तो काही वेळा थोडा उतरतो, पण त्यावरही औषधाचा डोस ठरत नाही. डोस ठरतो तो सुजलेले सांधे, दुखणारे सांधे, सीआरपी आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतंय यावरून. अँटी-सीसीपी निदानाच्या वेळी एकदा करायची. ती पुन्हा करण्यात पैसा आणि झोप दोन्ही जातात.

मनगट अजून सुजलेलं होतं, म्हणून मेथोट्रेक्सेट २० मिलिग्रॅम केलं. हा निर्णय मनगटामुळे झाला, २४०मुळे नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं.

त्याच भेटीत त्यांनी धाकट्या बहिणीचा विषय काढला. तिला काहीच त्रास नाही, पण घरात हा आजार आहे म्हणून तिचीही तपासणी करून घेऊ का? हा प्रश्न हलका नाही. नेदरलँड्समधल्या रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की पुढे रुमेटॉइड आर्थरायटिस झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात यांपैकी एखादं प्रतिपिंड लक्षणं सुरू होण्याआधीच होतं, आणि ते मध्यमानाने साडेचार वर्षं आधी. म्हणजे बहिणीच्या रक्तात ते असू शकतं. पण असलं तरी तिला आजार होईलच असं नाही, आणि त्रास नसलेल्या माणसाला नेहमीचं म्हणून द्यावं असं कुठलंही औषध आज नाही. ती धूम्रपान करत असेल तर ते सोडायला लावणं तपासणीशिवायही करता येतं. म्हणून मी नको म्हटलं. सकाळी हात अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडू लागले किंवा बोटांच्या मुळाशी सूज दिसली तर मात्र तिने लगेच यावं, तेव्हा तपासणीला अर्थ येईल.

वर्षभरानंतर

सहाव्या महिन्यात डास-२८ हा आजाराच्या जोराचा निर्देशांक २.४ झाला. २.६च्या खाली आजार शांत मानतात. या निर्देशांकात २८ सांधे मोजतात आणि त्यांत पाऊल येत नाही. बाईंचं हाड पायातच कुरतडलं गेलं होतं, त्यामुळे निर्देशांक कितीही चांगला आला तरी मी दर भेटीत चवडे आवळून पाहत होते. वर्षाने पायाचा एक्स-रे पुन्हा काढला. खाच तेवढीच, नवी एकही नाही.

आता त्यांना औषध कमी करायचं आहे. इथे अँटी-सीसीपी पुन्हा एकदा उपयोगाला येते, तीही तीच जुनी, पहिल्या दिवसाची. ज्यांच्यात ती पॉझिटिव्ह असते त्यांच्यात औषध थांबवल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून एकदम बंद करण्याला मी नकार दिला. सहा महिने सलग सगळं शांत आहे, स्टेरॉइड केव्हाच थांबलं आहे, त्यामुळे २० वरून १७.५ मिलिग्रॅम एवढीच पायरी आम्ही उतरलो. पुढची पायरी तीन महिन्यांनी, तीही सांधे आणि सीआरपी पाहूनच. मधल्या काळात त्या एका वहीत रोज उठण्याची वेळ आणि हात मोकळे होण्याची वेळ लिहिणार आहेत. सलग आठवडाभर अंतर अर्ध्या तासाहून जास्त दिसलं तर तीन महिन्यांची वाट न पाहता मला भेटायचं आणि डोस परत २० वर न्यायचा, असं ठरलं आहे.